श्वासान्तीचा दाब

अपुऱ्या दिवसांच्या नातवाच्या नाकाला लाविलेल्या नळीचे बाहेरील टोक पाण्यात का बुडविले होते, असे बारामतीच्या एक भगिनी विचारितात.

फुग्याची पहिली फुंकर जड जाते. आत थोडी हवा राखली तर पुढील सोपी. वायुकोशांचेही तसेच. अशा बाळात त्यांवरील स्निग्ध लेप अपुरा असल्याने ते उच्छ्वासान्ती मिटतात. टोक ५ सेंटिमीटर बुडविले की तेवढ्या पाण्याचा दाब आत टिकतो व कोश उघडे राहतात. १९७१ साली अमेरिकेत डॉ. ग्रेगरी यांनी हा उपाय प्रसिद्ध केला.

मिटलेला कोश उघडण्यास अधिक दाब लागतो. पण फाजील दाबाने चांगले कोश फाटतात. बुडबुडे थांबले, तर हवा कोठेतरी गळत आहे असे आम्ही समजावे.