विचारले आहे त्याचेच उत्तर

निविदा भरणाऱ्यांमध्ये एक जुना समज आहे, की प्रस्ताव जाड असावा. गडचिरोलीतल्या ग्रामसभांसाठी सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन आराखडे करायचे असोत की चंद्रपुरात बांबू कारागिरांचे प्रशिक्षण असो, तांत्रिक लिफाफ्यात संस्थेची घटना, पंधरा वर्षांचे वार्षिक अहवाल, मंत्र्यांसोबतचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणे भरायची, म्हणजे वाचणारा दबून जातो, असा हिशेब. या समजाचा पुरस्कार करणारे लोक मूर्ख नसतात. त्यांच्याकडे तीन युक्तिवाद असतात आणि तिन्हींत थोडाथोडा दम आहे. म्हणून ते नीट तपासायला हवेत.

पहिला युक्तिवाद असा, की टेंडर शेवटी पैशावर ठरते, उत्तर कोण वाचतो? रस्ता, इमारत, खरेदी यांच्या बहुतेक निविदांबाबत हे खरे आहे. तिथे तांत्रिक लिफाफा पास की नापास एवढेच सांगतो आणि पुढे सर्वांत कमी दरवाला काम नेतो. पण आराखडा, सर्वेक्षण, प्रशिक्षण, मूल्यमापन अशा सल्लासेवांत गुणवत्ता आणि किंमत दोन्हींचे गुण मिळवण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधला नियम 192 याच पद्धतीचा आहे आणि गुणवत्तेचा भार कितीही वाढवला तरी 80 टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. बऱ्याच निविदांत तो 70 असतो. आता आकडे घालून पाहा. ‘अ’ संस्थेला तांत्रिक 85 गुण आणि तिचा दर 10 लाख. ‘ब’ला तांत्रिक 70 आणि दर 8 लाख. कमी दराच्या ‘ब’ला किमतीचे 100 गुण, ‘अ’ला 8 भागिले 10 म्हणजे 80. सत्तर-तीसने जुळवले की ‘अ’चे 59.5 अधिक 24, म्हणजे 83.5. ‘ब’चे 49 अधिक 30, म्हणजे 79. दोन लाखांनी महाग असूनही काम ‘अ’ला. पण ‘अ’ला 85 ऐवजी 78 मिळाले असते, तर बेरीज 78.6 वर थांबली असती आणि काम हातचे गेले असते. फरक सात गुणांचा. दहा गुणांच्या एकाच प्रश्नावर भलतेच उत्तर लिहिले की सात गुण सहज जातात.

दुसरा युक्तिवाद शब्दमर्यादेचा. मर्यादा नावापुरती असते, उरलेले परिशिष्टात टाकू, असे म्हणणारे पुष्कळ. मूल्यांकन समितीच्या जागी बसून पाहिले की हा भ्रम फिटतो. समोर प्रस्तावांचा ढीग, हातात गुणांचा तक्ता, तक्त्यात प्रश्नागणिक एक ओळ. त्या ओळीला गुण देण्यासाठी तो माणूस उत्तर शोधत असतो. मर्यादेपुढचा मजकूर वाचणार नाही, असे अटीत लिहिले असेल तर शेवटच्या परिच्छेदात ठेवलेला तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणी वाचलाच नाही असे समजा. आणि तसे लिहिले नसेल, तरी जास्त जागा घेणाऱ्याचे जास्त वाचले, असा आक्षेप दुसरा निविदाधारक घेऊ शकतो. तेव्हा समिती जोखीम कशाला घेईल? ऑनलाइन अर्जात तर प्रश्नच मिटतो, कारण मर्यादा भरली की चौकट पुढे टंकूच देत नाही. मराठीत लिहिणाऱ्याने इथे एक गोष्ट आधीच तपासावी : मर्यादा शब्दांची आहे की अक्षरचिन्हांची. शब्दांची असेल तर मराठी फायद्यात असते, कारण ‘ग्रामसभेकडून’ हा एकच शब्द धरला जातो. चिन्हांची असेल तर तोटा, कारण संगणक काना, मात्रा, उकार आणि हलन्त वेगवेगळे मोजतो. डोळ्यांना सात अक्षरांचा दिसणारा हाच शब्द तिथे बारा चिन्हे खातो. शेवटच्या तासाला उत्तर चिकटवायला गेले की मग वाक्याचे शेपूट तुटते आणि नेमका पुरावा त्या शेपटात असतो.

तिसऱ्या युक्तिवादाकडे येण्याआधी एक प्रश्न सोडवून दाखवतो. प्रश्न माझा, रचलेला. पण अशा कामांच्या निविदांत या वळणाचे प्रश्न येतात. भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतल्या ग्रामसभांचे आराखडे करायचे आहेत, असे धरा. प्रश्न : ‘आराखडा ग्रामसभेच्या सहभागाने होईल हे कसे घडवाल आणि झाला हे कसे दाखवाल? 150 शब्द, 10 गुण.’

नेहमीचे उत्तर सुरू होते ते असे : गडचिरोली हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला, वनांनी नटलेला आदिवासीबहुल जिल्हा असून... हे वाचणारा अधिकारी गडचिरोलीतच बसलेला असतो हो! त्याला जिल्ह्याचा वाढदिवस सांगून काय मिळणार? त्यानंतर संस्थेची स्थापना, मग ‘सहभागी पद्धतींचा प्रभावी अवलंब’, मग ‘सर्व घटकांना विश्वासात घेऊन’. दीडशे शब्द संपतात तेव्हा किती बैठका, कोणत्या भाषेत, कोणत्या महिन्यात, यातले काहीही आलेले नसते. प्रश्नात क्रियापदे दोन होती, घडवाल आणि दाखवाल. दुसऱ्याला तर हातही लागलेला नाही. समितीकडे त्यासाठी निम्मे गुण असतील, तर ते तिथेच गेले.

आता हे पाहा :

‘प्रत्येक गावात ग्रामसभेच्या तीन बैठका घेऊ. पहिलीत व्यवस्थापन समितीसोबत जंगलफेरीचा मार्ग ठरेल, दुसरीत फेरीतून तयार झालेला नकाशा व नोंदी माडियात वाचून दुरुस्त होतील, तिसरीत अंतिम आराखड्यावर ठराव होईल. बैठका संध्याकाळी असतील. तेंदूच्या हंगामात आणि रोवणीत एकही नसेल. नदीपलीकडच्या गावांचे क्षेत्रकाम डिसेंबर ते फेब्रुवारीत संपवू. तिसऱ्या बैठकीला निम्मे सदस्य आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया नसतील तर ठराव न घेता बैठक पुन्हा बोलावू. वेळापत्रकात त्यासाठी प्रत्येक गावामागे एक जादा दिवस धरला आहे. पुरावा म्हणून प्रत्येक गावाचे हजेरीपत्रक, ठरावाची प्रत आणि दुसऱ्या बैठकीत झालेल्या दुरुस्त्यांची यादी देऊ. हीच पद्धत आम्ही याआधी सहा गावांत वापरली. त्यांपैकी दोन गावांत गणपूर्ती न झाल्याने बैठक दुसऱ्यांदा घ्यावी लागली. ठराव व हजेरीपत्रके : परिशिष्ट 3, पाने 12 ते 29.’

शब्द एकशेदहाच्या आसपास. चाळीस उरले, ते उरू द्यावेत. पहिल्याच वाक्यात प्रश्नाचे उत्तर आहे. निम्मे सदस्य आणि एकतृतीयांश स्त्रिया ही अट आपल्या मनची नाही, वनहक्क नियमांत 2012 च्या दुरुस्तीनंतर आलेली गणपूर्ती आहे. नियमाचे नाव न घेताही जाणकाराला ती ओळखू येते, आणि ती पाळली गेली नाही तर काय करू हेही उत्तरात आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सहज पडलेले नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, कापणी डिसेंबरपर्यंत आटोपते, मार्चपासून मोहफुले वेचायला घरेच्या घरे पहाटे जंगलात जातात आणि पुढे मे महिन्यात तेंदू. जुलै-ऑगस्टमध्ये क्षेत्रकाम दाखवणारा तक्ता दिसला, की लिहिणारा तालुक्यात कधी गेलेला नाही हे स्थानिक अधिकाऱ्याला लगेच कळते. त्यासाठी वेगळी चौकशी करावी लागत नाही.

दोन गावांत बैठक फसली हे वाक्य काढून टाकावे, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. सहा गावांत सगळे सुरळीत झाले म्हणणाऱ्यापेक्षा दोन ठिकाणी अडले, म्हणून यावेळी जादा दिवस धरला म्हणणारा विश्वासार्ह ठरतो, कारण त्याची अडचण आणि वेळापत्रक एकमेकांशी जुळतात. अर्थात परिशिष्टात ती हजेरीपत्रके खरोखर असली पाहिजेत. पान 12 उघडले आणि तिथे आभारपत्र निघाले, तर पुढच्या प्रत्येक उत्तराकडे संशयाने पाहिले जाते. शिवाय जादा दिवसाचा खर्च किती, हे इथे चुकूनही लिहू नये. तांत्रिक लिफाफ्यात किंमत डोकावली की प्रस्ताव बाद करण्याची अट बहुतेक निविदांत असते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार. नेमके लिहिणे हे शहरातल्या सल्लागारांचे कसब. गावात वीस वर्षे राबलेला कार्यकर्ता त्यात मागे पडतो, म्हणून त्याला मोकळेपणाने लिहू द्या, असे म्हटले जाते. तळमळ खरी, पण उपाय उलटा. मोकळ्या जागेत गुळगुळीत भाषा जिंकते. पुरावा मागितला आणि जागा आवळली, की ठरावाची प्रत कोणाकडे आहे यावर स्पर्धा येते. पुण्या-मुंबईच्या संस्थेला माडियात झालेल्या बैठकीचे हजेरीपत्रक रातोरात कुठून मिळणार? कार्यकर्त्याच्या ट्रंकेत ते असते. त्याला फक्त पानाला क्रमांक घालायचा असतो.

आणि गडचिरोली-चंद्रपुरातल्या गावांनी तर निविदा काढणाऱ्याची खुर्चीही पाहिली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2011 मध्ये वाहतूक परवान्याचा अधिकार हाती आल्यावर आपला बांबू स्वतः विकला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथेही बांबूची विक्री ग्रामसभेने हाती घेतली. तेंदूपत्ता विकणाऱ्या ग्रामसभेचा प्रश्न तर ओळभराचा असतो : प्रमाण गोणीला दर काय आणि पैसे कधी? प्रमाण गोणी म्हणजे हजार पुडे, पुड्यात सत्तर पाने, हे फळीवरच्या पोरालाही ठाऊक. तिथे व्यापाऱ्याने आपल्या पेढीचा इतिहास सांगायला घेतला तर म्हातारे विचारतील, दर बोल ना बाबू. आगाऊ किती देणार, उरलेले कोणत्या तारखेला देणार आणि मागच्या हंगामात ज्या गावाचा पत्ता घेतला त्या गावाची पैसे पोचल्याची पावती आहे का, एवढ्यावर त्याची परीक्षा होते. चढा दर बोलून पैसे थकवणारे ठेकेदार ग्रामसभांनी भोगले आहेत. म्हणून पावतीचा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा.

माझ्या बाजूची मर्यादाही सांगतो. तीन वर्षांची सरासरी उलाढाल अमुक कोटी हवी, अशी पात्रतेची अट असेल तर छोट्या संस्थेचे उत्तम उत्तर उघडलेच जात नाही. तिथे लेखनाचा इलाज चालत नाही. इलाज असलाच तर निविदापूर्व बैठकीत आहे. ठरलेल्या तारखेआधी लेखी विचारायचे : काम इतक्या लाखांचे असताना एवढी उलाढाल कशासाठी, आणि संयुक्त प्रस्ताव चालेल का? अट बदलली तर शुद्धिपत्रक निघते आणि ते सर्वांना लागू होते. हा प्रश्नही तीन ओळींत बसवावा आणि अटीचा क्रमांक व पान घालावे. एका पत्रात दहा तक्रारी कोंबल्या की ‘निविदेनुसार’ एवढेच छापील उत्तर दहाही तक्रारींपुढे येते.