हातचा दिसला पाहिजे

‘काहून बे, कॅल्क्युलेटर त मोबाईलमध्येच हाय. मंग गेमात कायले बांधून राह्यला?’

माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोनची बेरीज-यंत्रं बांधणाऱ्या पोरांना अमरावतीत किंवा अकोल्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. मला वाटतं, चूक त्या प्रश्नातच आहे. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उत्तर देतो आणि बेरीज लपवतो. गेममधला कॅल्क्युलेटर हळू आहे, अवाढव्य आहे, सतत बिघडतो. पण त्यात हातचा चालत जाताना डोळ्यांनी दिसतो. माझं सगळं म्हणणं या एका हातच्यावर उभं आहे.

आधी सामान पाहू. रेडस्टोनची पूड जमिनीवर टाकली की तार होते. तिच्यातून सिग्नल 15 ठोकळे जातो आणि मग संपतो. पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर लागतो. रिपीटर सिग्नल ताजा करतो, एकाच दिशेने जाऊ देतो आणि 1 ते 4 टिक उशीर लावतो. एक टिक म्हणजे 0.1 सेकंद. तिसरी वस्तू रेडस्टोनची मशाल. ती एरवी पेटलेली असते, पण ज्या ठोकळ्याला ती लावली आहे त्याला सिग्नल मिळाला की विझते. म्हणजे ‘हो’चं ‘नाही’ करणारं यंत्र.

एवढ्यावर सगळं उभं राहतं. दोन तारा एकत्र आणल्या की ‘हा किंवा तो’ झालं. दोन्ही खटक्यांचे सिग्नल आधी मशालींनी उलटवा, मग एकत्र करा, आणि पुन्हा एका मशालीने उलटवा: ‘हा आणि तो दोन्ही’ तयार. ‘किंवा’ खरं असेल पण ‘दोन्ही’ खरं नसेल, तर ‘दोघांपैकी एकच’. आता शाळेतली बेरीज आठवा, फक्त 0 आणि 1 यांची. ‘एकच’ हे घरातलं उत्तर, ‘दोन्ही’ हा हातचा. अशी दोन बेरजांची जोडी एका घरात बसवली, की ते घर आपले दोन आकडे आणि मागून आलेला हातचा, असे तिन्ही मिळवतं.

चार घरं बांधा: 8, 4, 2 आणि 1 ची. प्रत्येक घराला दोन खटके आणि वर एक दिवा. एका घराचा हातचा पुढच्या घरात नेणाऱ्या तारेवर एक रिपीटर ठेवा, नाहीतर सिग्नल उलटा वाहत मागच्या घरात शिरेल आणि दिवे भलतंच सांगतील. हा रिपीटर मुद्दाम 4 टिकवर ठेवा. आता पहिल्या ओळीत 5 संत्री मांडा, म्हणजे 0101. दुसऱ्या ओळीत 2, म्हणजे 0010. दिवे 0111 दाखवतील: सात. आता दुसऱ्या ओळीतला 1 च्या घराचा खटका वर करा. 2 चे 3 झाले. उत्तर 8 यायला हवं.

पण लगेच 8 येत नाही. आधी 1 च्या घरातला दिवा विझतो आणि उत्तर दिसतं 6. हातचा 2 च्या घरात पोचतो, तिथला दिवा विझतो: 4. मग 4 च्या घरातलाही विझतो: 0. अख्खी पाटी काळी. आणि मग 8 चा दिवा लागतो. 7, 6, 4, 0, 8. प्रत्येक घर ओलांडायला हातच्याला दोन मशाली आणि एक रिपीटर लागतो, म्हणजे 6 टिक, 0.6 सेकंद. मधली तीनही उत्तरं चूक आहेत, पण ती यंत्राची चूक नाही. यंत्राचं काम संपण्याआधी आपण उत्तर वाचलं, एवढंच. खऱ्या चिपमध्येही हातचा असाच वेळ घेतो, फक्त सेकंदाच्या अब्जांशाच्या हिशेबात. म्हणून तिथे उत्तर कधी वाचायचं हे ठरवायला घड्याळाचा ठोका लागतो.

आता कॉलेजकडे वळू. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला हाच हाफ अॅडर असतो. 7486 आणि 7408 या दोन आयसी, चार वायरी, दोन एलईडी. बऱ्याच ठिकाणी होतं काय? ट्रुथ टेबल आधीच ठाऊक असतं. ते मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरतं, सही होते, प्रयोग ‘यशस्वी’. त्या तक्त्यात 6, 4 आणि 0 कुठेच नसतात. तक्ता नेहमी बरोबर असतो, म्हणूनच त्यातून कळत काही नाही. वर हेच सर गेम खेळणाऱ्या पोराला ‘टाइमपास’ म्हणतात.

पण पोरांचीही बाजू मी आंधळेपणाने घेणार नाही. व्हिडिओ थांबवत थांबवत ठोकळ्याला ठोकळा लावणं, किंवा तयार जग डाउनलोड करून त्यात फिरणं, हे जर्नल उतरवण्याचंच दुसरं नाव आहे. फोनवर तर ही नक्कल उलटतेही. फोनवरची आवृत्ती बेडरॉक, आणि पुष्कळ व्हिडिओ जावा आवृत्तीचे. जावामध्ये पिस्टन त्याच्या वरच्या रिकाम्या जागेला मिळालेल्या सिग्नलनेही हलतो, बेडरॉकमध्ये हलत नाही. हुबेहूब बांधलेलं यंत्र मग मुकं बसतं आणि बांधणाऱ्याला कारण कळत नाही. दुसरी अडचण अंतराची. सिम्युलेशन डिस्टन्स 4 चंकवर असेल, तर तुमच्यापासून साधारण 64 ठोकळ्यांपलीकडचा भाग थिजतो. लांबलचक यंत्राच्या एका टोकाला उभे राहिलात तर हातचा मध्येच अडकेल. ज्याने स्वतः घरं बांधली तो हातच्याच्या मागे एकेक घर चालत जातो आणि मेलेली तार शोधतो. नक्कल करणारा सगळं मोडून पुन्हा व्हिडिओ लावतो.

‘पण हे खरं इलेक्ट्रॉनिक्स नाही,’ असं म्हणाल, तर मान्य. रेडस्टोनमध्ये व्होल्टेज नाही, आयसी तापत नाही, सैल वायर नाही. सोल्डरिंग इथे शिकता येणार नाही. पण सामान बदललं तरी तर्क बदलत नाही. 1937 साली बेल लॅबमधल्या जॉर्ज स्टिबिट्झने दोन रिले, बॅटरीचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घेऊन घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेका अंकाची बेरीज करणारं यंत्र जोडलं. त्याला नाव पडलं मॉडेल के, किचनचा के. हिशेब करणारी यंत्रं तेव्हाही होती. त्यालाही कुणी विचारू शकलं असतं, कायले बांधून राह्यला?

गेमला पैसे नसतील तर लुआंटी फुकट आहे, त्यात मेसेकॉन्स नावाचा मॉड घेतला की तारा आणि गेट मिळतात. सामान कुठलंही घ्या, स्वतःची परीक्षा मात्र एकच ठेवा. तुमच्या चार घरांच्या यंत्राकडून 5 वजा 3 करून घ्या, कुणाला न विचारता. दुसऱ्या ओळीच्या प्रत्येक तारेवर एक मशाल लावा, म्हणजे 0011 चे 1100 होतील. पहिल्या घराला बाहेरून 1 हातचा द्या. शेवटच्या घरातून बाहेर पडणारा हातचा सोडून द्या. दिवे 0010 दाखवतील: दोन. हे असं का होतं, ते दिव्यांकडे बोट दाखवून ज्याला सांगता येईल, त्याला त्या प्रॅक्टिकलची सही मी डोळे मिटून देईन.