‘किमान’ गाळलंत, तर साचेवाला फसतो

पेटंट ‘सोप्या मराठीत’ सांगणाऱ्यांनो, एक तक्रार ऐका. सोपं करा, पण हद्द हलवू नका!

आपल्याकडे पेटंटचा अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच करावा लागतो. त्यामुळे पेणचा साचेवाला काय किंवा रोह्याच्या धाटावमधला छोटा उद्योजक काय, दुसऱ्याचं पेटंट तुमच्या मराठी सारांशावरूनच समजून घेणार. त्यातला गोषवारा जास्तीत जास्त 150 शब्दांचा, फक्त माहितीसाठी असतो. हक्काची हद्द ठरवतात ते दावे.

उदाहरणादाखल एक दावा रचून बघू. ‘मूर्ती ओतण्याचा साचा, ज्यात किमान दोन रबरी भाग, एक कडक बाहेरचं कवच आणि भाग जुळवणारी एक खुंटी यांचा समावेश आहे.’ सोपं करणारा लिहितो, ‘दोन रबरी भागांचा आणि एका खुंटीचा साचा.’ छान वाटतं ना? आता पेणच्या कारागिराचा साचा तीन भागांचा, चार खुंट्यांचा आणि वर कवच असलेला आहे. सारांश वाचून तो म्हणतो, ‘आपला वेगळा आहे’, आणि माल काढतो. पण मुळात ‘किमान दोन’ आहे, म्हणजे तीनही आत आले. इंग्रजीतला ‘अ’ मराठीत ‘एक’ झाला की आपण ‘एकच’ वाचतो. ‘कम्प्रायझिंग’ असलेल्या दाव्यात तो सहसा ‘एक किंवा अधिक’ असा घेतात. आणि ‘कम्प्रायझिंग’ म्हणजे ‘समावेश आहे’, जास्तीचं काही जोडलं म्हणून सुटका नाही. ‘फक्त यांचाच बनलेला’ हा अर्थ ‘कन्सिस्टिंग ऑफ’चा.

उलटही होतं. त्याच सारांशात कवच गळलं. मग ज्याच्या साच्याला कवचच नाही तोही घाबरून काम थांबवणार, खरं तर दाव्यातला एक घटकच नसला तर साधारणपणे तो दाव्याबाहेर असतो. एका वाक्यात हद्द आकुंचनही पावली आणि फुगलीही!

धाटावच्या रसायनवाल्यांचंही तेच. दाव्यात ‘60 ते 80 अंश’ असेल आणि तुम्ही ‘गरम करून’ लिहिलंत, तर 95 अंशांवर काम करणारा विनाकारण अडकतो.

आपली शाळेतली सवयही नडते. तोच शब्द परत नको म्हणून एकदा ‘कवच’, पुढे ‘खोळ’. वाचणाऱ्याला वाटतं दोन वस्तू आहेत. दाव्यात एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव हवं, कंटाळवाणं झालं तरी.

म्हणून सांगतो, प्रत्येक दाव्याचा क्रमांक ठेवा, मूळ इंग्रजी शेजारी द्या. मग मूळ न पाहिलेल्या माणसाला तुमचं मराठी परत इंग्रजीत करायला सांगा. ‘ॲट लीस्ट’ परत आलं नाही, तर चूक तुमची. आणि वर ठळक लिहा: हद्द मूळ दावाच ठरवतो.

एवढं जमत नसेल तर सारांश करूच नका. अर्धवट मराठीपेक्षा ‘वकिलाला विचार’ हे दोन शब्द बरे.