अडलेला सौदा विचारा

लहान व्यावसायिकाचे सॉफ्टवेअर करताना आपण मालकाला भेटतो, टिपणे काढतो आणि स्पेसिफिकेशन लिहायला बसतो. मालक खोटे सांगत नाही, पण तो सुरळीत चाललेल्या दिवसाचे वर्णन करतो. सॉफ्टवेअर मात्र अडलेल्या दिवशी कोलमडते.

लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातल्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याचे काम घ्या. मालक सांगेल: लिलावात भाव ठरतो, ट्रॅक्टर खळ्यावर जातो, माल मोजला जातो, शेतकऱ्याला पैसे दिले जातात. एवढ्यावर आपण भावाचा एकच रकाना ठेवतो आणि लिलावानंतर तो बदलता येणार नाही, असेही लिहून टाकतो.

आता मुनीमजींना वेगळे भेटा, तेही लिलावाच्या गर्दीत नाही. ‘तुम्ही काय करता?’ असे विचारू नका. ‘मागच्या आठवड्यात ज्या पावतीवर खाडाखोड झाली, ती दाखवा,’ असे म्हणा. समजा, वीस क्विंटलचा लिलाव १,८०० रुपयांनी झाला होता. खळ्यावर ट्रॉली खाली करताना तळाचा माल ओला निघाला, वांदा झाला आणि सौदा १,७०० वर तुटला. म्हणजे ३६,००० ऐवजी ३४,००० रुपये. ही गोष्ट मालकाच्या मुलाखतीत येत नाही, कारण त्याच्या लेखी ती रोजचीच आहे.

कार्यशाळा यानंतर घ्यावी. माहिती गोळा करायला मुलाखतीच बऱ्या. मालकासमोर मुनीम आणि खळ्यावरचा मुकादम मोकळे बोलत नाहीत. कार्यशाळेचे काम मतभेद सोडवण्याचे आहे. अशा तीन-चार पावत्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येकीवर तेच प्रश्न विचारा: भाव कमी करायचा अधिकार कोणाचा? शेतकऱ्याची संमती कशी नोंदवायची? बाजार फी कोणत्या रकमेवर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाच्या सोयीने ठरत नाही. ते बाजार समितीकडूनच घ्यावे लागते आणि तोवर स्पेसिफिकेशनमध्ये तो मुद्दा ‘प्रलंबित’ असाच राहिला पाहिजे.

मग नियम उदाहरणासकट लिहा: ‘लिलावाचा भाव १,८०० कायम राहील. अंतिम भाव १,७०० वेगळ्या रकान्यात येईल; बदलाचे कारण आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव नोंदल्याशिवाय पावती निघणार नाही.’ हे वाक्य मुनीमजी वाचून चूक दाखवू शकतात. ‘भाव बदलण्याची सुविधा असावी’ या वाक्यात त्यांना चूक दाखवताच येत नाही, म्हणून ते मंजूर होते आणि वाद पुढे डिलिव्हरीच्या दिवशी निघतो.

मुलाखतीत ‘नेहमी’ किंवा ‘असे कधीच होत नाही’ हे शब्द आले, की तिथेच थांबून कागद मागा. आणि मालकाची सही घेण्याआधी स्पेसिफिकेशन मुनीमजींना वाचायला द्या; पावती शेवटी त्यांनाच काढायची आहे.