जाळी बसवली, पण कचरा काढणार कोण?

बेळगाव : पावसाळा तोंडावर आला की बळ्ळारी नाल्याची सफाई करा, ही मागणी शेतकऱ्यांतून ठरलेलीच. अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर शिवारातलं भात या नाल्याच्या मर्जीवर. गाळ, जलपर्णी आणि शहरातून वाहत येणाऱ्या प्लॅस्टिकनं तो तुंबला की पाणी बांध ओलांडून शिवारात शिरतं आणि रोप कुजतं. शहरातला कचरा शहराच्या हद्दीतच अडवा, नाल्याला लोखंडी जाळ्या आणि तरंगते अडसर बसवा, हा उपाय वरवर सरळ दिसतो. पण शेतकऱ्याला त्याची धास्ती वाटत असेल, तर तीही खोटी नाही. वेळेवर साफ न होणारी जाळी म्हणजे नाल्यात घातलेला बांधच.

साधा हिशेब पाहावा. समजा, नाला 4 मीटर रुंद आहे, पाणी 1 मीटर खोल आहे आणि सेकंदाला 2 घनमीटर पाणी वाहतंय. जाळीच्या गजांनी पाव जागा घेतली तरी 3 चौरस मीटर मोकळी राहते. अशा स्वच्छ जाळीमागे पाणी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर चढतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. मोकळ्या जागेपैकी निम्मी बुजली की हीच चढ ढोबळमानाने दहा-अकरा सेंटिमीटर होते. पाऊण बुजली की अर्ध्या मीटरच्या घरात जाते. मोकळी वाट निम्मी झाली की पाण्याचा वेग दुप्पट होतो आणि चढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटचा थोडासा कचराच घात करतो. सपाट भातशेतीत अर्धा मीटर म्हणजे बांध गेलाच.

जाळी बुजण्याचीही एक रीत आहे. आधी पिशव्या आणि चिंध्या गजांना गुंडाळतात. त्यावर पालापाचोळा आणि जलपर्णी बसते, मग गाळानं सगळं लिंपून निघतं. म्हणूनच पहिल्या मोठ्या पावसात, उन्हाळाभर साचलेला कचरा एकदम येतो तेव्हा, दोन तासांत चित्र पालटू शकतं. ‘आठवड्यातून एकदा सफाई’ हे वेळापत्रक उन्हाळ्यात चालेल, जूनमध्ये नाही.

मग वेळापत्रक कशावर ठरवायचं? तारखेवर नव्हे, पाण्यावर. जाळीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला भिंतीवर रंगानं एकाच पातळीपासून सेंटिमीटरच्या खुणा काढायच्या. दोन्हींतला फरक 10 च्या पुढे गेला की माणसं आलीच पाहिजेत, मग रविवार असो की गणपती. पावसाच्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी खुणा वाचून वहीत नोंद हवी, रात्रीसुद्धा. याला खर्च फारसा नाही, माणूस मात्र नेमावा लागतो.

बांधणीतही चुका होतात. जाळी सरळ उभी केली, तर दाताळं वर ओढता येत नाही. ती प्रवाहाच्या दिशेनं मागे कललेली हवी. गज उभे हवेत, समोरून आडव्या पट्ट्या नकोत, नाहीतर दाताळ्याचे दात अडकतात. गजांमधलं अंतर फार कमी ठेवलं तर पानंसुद्धा अडतात आणि सफाई संपतच नाही. वरचं टोक काठापेक्षा खाली ठेवलं, की जाळी पूर्ण बुजली तरी पाण्याला डोक्यावरून वाट राहते. कचरा पुढे जाईल, पण शेत वाचेल. कामगाराला पाण्यात उतरावं न लागता काठावरून काम करता येईल असा चौथरा आणि टिप्परला यायला रस्ता, हे नकाशातच असावं. नंतर सुचलं की जागा नसते.

तरंगता अडसर, म्हणजेच ट्रॅश बूम, चेन्नईच्या कूवम नदीत वापरला गेला आहे. तो तुंबत नाही, पण फक्त तरंगणारंच धरतो. चिखल भरलेली पिशवी खालून निसटते. आडवा सरळ ताणला तर वेगाच्या पाण्यात कचरा त्याच्याखालून जातो. तिरका बांधला तर कचरा एका काठाला सरकतो आणि तिथून काढता येतो. पाणी चढलं की त्याची टोकंही वर सरकायला हवीत, नाहीतर तो बुडतो किंवा तुटतो.

खरी गोची पैशाच्या रकान्यात आहे. जाळी एकदाच होणारा भांडवली खर्च, त्याचं टेंडर निघतं, नारळ फुटतो. सफाई मात्र दरवर्षीचा महसुली खर्च, त्याला उद्घाटन नसतं. त्यात ठेकेदाराला टनावर पैसे दिले, तर कचरा साचू देण्यातच त्याचा फायदा. ओला कचरा पाण्यासकट तोलला जातो, हे वेगळंच. बिल खुणांच्या वहीवर निघावं : फरक मर्यादेत राहिला तर पूर्ण पैसे, ओलांडला तर तासाप्रमाणे कपात. काढलेला ढीग चोवीस तासांत उचलण्याची अटही त्यातच हवी, कारण काठावर निथळत ठेवलेला कचरा पुढच्या सरीत परत नाल्यात जातो.

नाला मार्कंडेय नदीला मिळेपर्यंत महापालिकेची हद्द संपून ग्रामपंचायतींची सुरू होते. फटका खालच्या शिवाराला बसतो, वही मात्र शहराच्या ऑफिसात राहते. तिची एक प्रत पंचायतीत रोज पोहोचली, तर रात्री फरक 15 झाला तेव्हा कोण कुठे होतं, हे सकाळी विचारता येईल.