निळी ज्योत आणि बंद खिडकी

पोफळीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं हे गाव, चिपळूणहून कऱ्हाडच्या वाटेवरचं. जून लागला की डोंगरावरून पाण्याची झड अशी येते की स्वयंपाकघराची खिडकी चार महिने कायमची लावलेली. एक्झॉस्ट फॅनचं भोक असेल तर त्यातही गोणपाट नाहीतर जुनं फडकं कोंबलेलं, नाहीतर पाणी थेट ओट्यावर. अशा बंद खोलीत सकाळी चहा, मग तांदळाच्या भाकऱ्या, दुपारचं सालन, रात्रीचा भात, असा दिवसाला तीन-चार तास गॅस चालतो. थंडीतल्या सेहरीलाही हीच गत: पहाटे गारवा असतो, खिडकी उघडायची कोणाची छाती होत नाही.

धूर तर दिसत नाही, मग बिघडलं कुठे, असं आपल्या भगिनी विचारतात. या महिन्यात आम्ही त्या न दिसणाऱ्या गोष्टीबद्दलच लिहिणार आहोत. तिचं नाव नायट्रोजन डायऑक्साइड.

हा वायू सिलिंडरमध्ये नसतो. आपण श्वासात घेतो त्या हवेचा बराच मोठा भाग नायट्रोजनचा असतो आणि एरवी तो कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण गॅसच्या ज्योतीची उष्णता हजार अंशांच्या बरीच पुढे जाते. तेवढ्या तापात हवेतलाच नायट्रोजन हवेतल्याच ऑक्सिजनशी जोडला जातो आणि हा वायू तयार होतो. म्हणून ज्योत कितीही स्वच्छ, निळी असली तरी तो होतोच. पिवळी ज्योत, भांड्याचं काळं बूड ही बर्नर नीट जळत नसल्याची खूण आहे, ती वेगळी भानगड. बर्नर साफ केल्याने काजळी जाते, हा वायू जात नाही. स्वयंपाकघरात तो असतो तेवढ्या प्रमाणात त्याला ना रंग ना वास. गॅस गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. या वायूसाठी अशी कुठलीच घंटा वाजत नाही.

तो पाण्यात सहज विरघळत नाही. त्यामुळे नाका-घशाच्या ओलाव्यात न अडकता फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतो आणि तिथे आतून सूज आणतो. ज्यांना दमा आहे, ज्या लहान मुलांच्या छातीत सर्दीबरोबर घरघर होते, त्यांना तो अधिक जाचतो. 2013 साली 41 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याची शक्यता इतरांपेक्षा 42 टक्क्यांनी जास्त दिसली. याचा अर्थ प्रत्येक मुलाचा दमा गॅसमुळेच, असा नाही. पण घरात दम्याचं मूल असेल आणि पावसाळ्यात त्याचा त्रास वाढत असेल, तर ओल आणि बुरशीबरोबर बंद स्वयंपाकघराकडेही बघायला हवं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. गॅस सोडून परत चुलीकडे जा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. लाकडाच्या धुरात हा वायू तर असतोच, शिवाय बारीक काजळीही असते. पेरू देशातल्या पुनो भागात, चुलीवर रांधणाऱ्या बायकांना गॅस देऊन मोजमाप केलं गेलं. या वायूचं प्रमाण चुलीपेक्षा पुष्कळ खाली आलं. तरी अनेक गॅसवाल्या स्वयंपाकघरांत ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या वरच राहिलं. गॅस आणल्याने अर्धं काम झालं. उरलेलं काम हवा बाहेर काढण्याचं आहे.

किती वायू तयार होतो, याचा एक साधा हिशेब करू. हा अंदाज आहे, पण अंदाजानेही पुष्कळ कळतं. स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट, उंची नऊ फूट, म्हणजे आत सुमारे 20 घनमीटर हवा. एक बर्नर मध्यम आचेवर पेटवला. अमेरिकेत घरोघरच्या गॅस शेगड्यांवर झालेली मोजणी धरली तर असा बर्नर मिनिटाला सुमारे 700 मायक्रोग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड सोडतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. वजन क्षुल्लक वाटतं, पण मर्यादाही तशीच बारीक आहे: जागतिक आरोग्य संघटना सांगते की तासाभराची सरासरी घनमीटरला 200 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये.

खोली पूर्ण बंद असेल तर दर मिनिटाला घनमीटरमागे 35 मायक्रोग्रॅमची भर पडते. म्हणजे भाकरीचा तवा तापेतो, सहा मिनिटांत आकडा 200 वर. खोली अगदी बंद नसते, दाराच्या फटीतून तासाला दोनदा हवा बदलते असं धरू. तरी अर्ध्या तासात आकडा साडेसहाशेच्या पुढे जातो. भिंती, पडदे, कपडे थोडा वायू शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून कमी भरेल. पण 200 च्या खाली येण्याइतका कमी नव्हे. शिवाय हा वायू स्वयंपाकघरात थांबत नाही. अमेरिकेतल्या 2024 च्या एका अभ्यासात, शेगडी बंद केल्यावरही कित्येक तास झोपायच्या खोलीत त्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

आता त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन लावू, जो तासाला खरोखर 250 घनमीटर हवा बाहेर टाकतो. खोक्यावरचा आकडा याहून मोठा असतो, पण जाळी, तेलाचा थर आणि बाहेरचा वारा यांच्यामुळे हाती कमीच येतं. एवढ्या पंख्याने खोलीतली हवा दर पाच मिनिटांनी बदलते आणि तोच आकडा पावणेदोनशेच्या आत थांबतो. दोन बर्नर पेटवले तर तो दुप्पट होतो. म्हणून दोन्ही शेगड्या चालू असताना पंख्याच्या जोडीला दारही उघडं हवं.

पण पंखा असणं आणि पंख्याने हवा ओढणं यांत फरक आहे. आम्ही पाहिलेल्या घरांत चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, जागेची. पंखा शेगडीच्या वरच्या बाजूला, भिंतीत उंचावर हवा, कारण गरम हवा वर जाते. समोरच्या कोपऱ्यात लावला तर वायू रांधणाऱ्या बाईच्या तोंडासमोरून प्रवास करत तिथे पोहोचतो.

दुसरी, वाऱ्याची. कोकणात पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या भिंतीतला पंखा वाऱ्याशी झुंजतो आणि पाणीही आत घेतो. जमेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडावी. बाहेरून खाली वाकलेलं पत्र्याचं छप्पर आणि पंखा बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या झडपा बसवाव्यात. मग फडकं कोंबायची पाळी येत नाही.

तिसरी, आत येणाऱ्या हवेची. बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला वाट लागते. दार-खिडकी सगळं लावून पंखा चालवला तर तो नुसता आवाज करतो. दुसऱ्या खोलीकडचं दार वीतभर उघडं ठेवलं तरी भागतं. वारा शेगडीवर थेट येत नसल्याने ज्योतही विझत नाही. मात्र पंख्याच्या अगदी शेजारची खिडकी उघडू नये. तिथूनच हवा येईल आणि तिथूनच बाहेर जाईल, शेगडीवरची जागची हलणार नाही.

चौथी, वेळेची. फोडणीचा ठसका लागला की पंखा लावायचा आणि ठसका गेला की बंद, ही सर्रास सवय आहे. पण दूध तापवताना, चहा ठेवताना ठसका नसला तरी वायू असतोच. काडी ओढण्याआधी पंखा सुरू करावा आणि गॅस बंद झाल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवावा. तेवढ्यात खोलीतली हवा तीनदा बदलते आणि वायू जवळजवळ संपतो. अपवाद एकच: गॅस गळाल्याचा वास येत असेल तर पंख्याच्या बटणाला हात लावू नये, ठिणगीने भडका उडेल. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात.

चिमणी घ्यायची असेल तर दुकानात एकच प्रश्न आधी विचारावा: हिची नळी घराबाहेर जाते का? नळी नसलेली चिमणी हवा गाळून परत खोलीतच सोडते. जाळीत तेल अडकतं, वायू अडकत नाही. कोळशाची गाळणी थोडा पकडते, पण ती भरली की संपलं. नळी कौलाखालच्या माळ्यावर सोडू नये, भिंतीतून थेट बाहेर काढावी. ती जितकी आखूड आणि जितकी कमी वळणं, तितकी ओढ चांगली. चिमणी शेगडीहून अरुंद नसावी आणि ओट्यापासून साधारण अडीच फुटांवर असावी. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेने घरांत बसवलेल्या चिमण्या तपासल्या. काही जेमतेम 15 टक्के वायू ओढत होत्या, तर काही 98 टक्क्यांवर. मागच्या बर्नरवरचा वायू पुढच्यापेक्षा चांगला ओढला जात होता. म्हणून तीन बर्नरची शेगडी असेल तर जास्त वेळ शिजणारं भांडं मागे ठेवावं.

आपल्या घरची ओढ तपासायला यंत्र नको. पंखा लावून जाळीवर पातळ कागदाचा कपटा धरा. तो चिकटून राहिला पाहिजे. मग पेटती अगरबत्ती शेगडीच्या काठाशी धरा. धूर सरळ पंख्याकडे वळला तर ठीक. तो तुमच्या चेहऱ्याकडे येत असेल तर आधी जाळी आणि पाती साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग दार थोडं उघडून पुन्हा पाहा.

शेवटी, जी ज्योत पेटलीच नाही तिचा वायूही नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गॅसच्या जागी विजेच्या शेगड्या दिल्यावर स्वयंपाकघरातलं या वायूचं प्रमाण तीन महिन्यांत 51 टक्क्यांनी उतरलं. पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर 1962 पासून चालू आहे. त्याच गावात चहा, दूध आणि भात इंडक्शनवर, आणि भाकरी, सालन गॅसवर, अशी वाटणी करता येईल. वीज गेली तर पंखाही जातो. तेव्हा एकच बर्नर लावावा, वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी उघडावी आणि दम्याच्या मुलाला पुढच्या खोलीत बसवावं.