चौतीस पानांसाठी ॲप कशाला? सरळ टाईप करा!

घरात नाहीतर तालमीत जुनी वही सापडली, की आजकाल पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘फोटो काढ आणि ॲपला दे, दोन मिनिटांत टाईप होऊन येतंय.’ छापील पानांबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. हातानं लिहिलेल्या मराठी पानांबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. पानं पन्नासच्या आत असतील, तर बहुतेक वेळा सरळ टाईप करायला बसावं. हे मत ‘जुनं ते सोनं’ म्हणून आलेलं नाही, हिशेबातून आलंय. तोच हिशेब इथं मांडते.

उदाहरण शिवाजी पेठेतलंच घेऊ. एका तालमीच्या कपाटात १९५६ ते १९६१ या काळातली इतिवृत्ताची वही निघाली. चौतीस पानं, दोन सेक्रेटरींची अक्षरं, शाईचं पेन, काही पानांवर मागची शाई पुढं उमटलेली. मधल्या पानांवर गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी. स्मरणिकेसाठी हा मजकूर हवा होता. त्यात नावं होती आणि नावापुढं रक्कम होती. पेठेत एखाद्याच्या आजोबांचं नाव चुकीचं छापलं किंवा दहाची वर्गणी एक रुपया झाली, तर काय होतं ते सांगायला नको.

ॲप की हात, हे आम्ही अंदाजानं ठरवलं नाही. तीन पानं निवडली. एक सगळ्यात सुवाच्य, एक मधलं आणि एक यादीचं. तिन्हींचे दिवसाच्या उजेडात, वही सपाट धरून फोटो काढले आणि फोनमधल्या एका फुकटच्या ॲपला दिले. सुवाच्य पानावर १८२ शब्दांपैकी ३१ चुकले. मधल्या पानावर १७६ पैकी ६४. यादीच्या पानावर तर नावं एका ढिगात आणि आकडे दुसऱ्या ढिगात आले. कुणाची वर्गणी किती, हेच गायब.

यात सगळा दोष ॲपचा आहे असंही नाही. बरीचशी सॉफ्टवेअर मुळात छापील अक्षरावर शिकलेली असतात. टेसरॅक्ट हे मोफत मिळणारं प्रसिद्ध सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण ते छापील मजकुरासाठी. छपाईत प्रत्येक ‘भ’ सारखाच असतो. हातानं लिहिताना शिरोरेघ कधी सलग, कधी तुटक, कधी नसतेच. वहीची आखलेली रेघ शिरोरेघेला चिकटली, की मशीनला अक्षर कुठं सुरू झालं ते कळत नाही. मग ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांची अदलाबदल होते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत गुंतते.

आता वेळेचा हिशेब. एका पानावर साधारण १८० शब्द धरा. मिनिटाला वीस शब्दांच्या साध्या वेगानं मराठी टाईप केलं, तर नऊ मिनिटं. वाचून तपासायला तीन. म्हणजे पानाला बारा मिनिटं.

ॲपच्या रस्त्यानं फोटो आणि बाकीची खटपट दीड मिनिट, मूळ पानाशी शब्द न् शब्द ताडून बघायला चार मिनिटं. त्यावर दुरुस्त्या. एक चुकीचा शब्द शोधून, जोडाक्षराच्या मधोमध कर्सर नेऊन, खोडून परत लिहायला आठेक सेकंद जातात. इथं एक गंमत आहे. शंभरात पाचच अक्षरं चुकली असं ऐकलं, की वाटतं ९५ टक्के बरोबर, भारीच की! पण शब्द पाच अक्षरांचा धरला, तर पाचही अक्षरं बरोबर यायची शक्यता ७७ टक्केच उरते. म्हणजे जवळजवळ दर चौथा शब्द चुकीचा. पानात ४१ चुका, साडेपाच मिनिटांची दुरुस्ती, एकूण अकरा मिनिटं. वाचलं किती? एक मिनिट. शंभरात दहा अक्षरं चुकली, तर पानात ७४ शब्द बिघडतात आणि एकूण वेळ साडेपंधरा मिनिटांवर जातो. चौतीस पानांना हातानं सात तासांच्या आत काम होतं, अशा ॲपनं पावणेनऊ तास लागतात.

म्हणून लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. चाचणीच्या पानावर पाचात एकापेक्षा जास्त शब्दाला हात लावावा लागत असेल, तर ॲप बंद करा. आमचं सुवाच्य पान या रेषेच्या आत होतं, पण बाकीची वही तशी नव्हती.

‘मग मशीनला ते अक्षर शिकवा की,’ असं इथं कुणीतरी म्हणतंच. शिकवता येतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधून चालणारं ‘ट्रान्सक्रिबस’ हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. जुन्या हस्तलिखितांसाठी जगभरची दप्तरखानी ते वापरतात. पण शिकवायचं म्हणजे तुम्ही आधी काही पानं बिनचूक टाईप करून द्यायची. ती किती? त्यांचाच सल्ला पाच ते पंधरा हजार शब्दांचा आहे, म्हणजे साधारण २५ ते ७५ पानं. आमच्या वहीत एकूण सहा हजारांच्या आसपास शब्द. मशीन शिकून तयार होईपर्यंत वही संपलेली! कमी पानांच्या कामातली खरी मेख ही आहे. हजार पानांचं दप्तर असेल, तर पन्नास पानांचे कष्ट फिटतात. चौतीस पानांत ते फिटायला जागाच नाही.

वेळेपेक्षा मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. गिचमिड उमटलेली चूक डोळ्यांना दिसते. खरा धोका दिसायला बरोबर असलेल्या चुकीचा. आजची बरीच सॉफ्टवेअर अक्षर नीट कळलं नाही, की शब्दाचा अंदाज बांधतात आणि तो अंदाज ओळखीच्या शब्दाकडं झुकतो. वहीतलं ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ हे ‘नाव’, ‘पाच’, ‘काही’ होऊन येतं. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. वही त्याच्या आधीची, म्हणून अनुस्वार तिथं आहेत. ते उडाले, की वहीचा काळच पुसला जातो. तीच गत आडनावांची. अनोळखी आडनाव जाऊन ओळखीचं आडनाव बसलं, तर वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

आणि आकडे! यादीत एकापुढं लिहिलेलं ‘५-८-०’ ॲपनं ५८० केलं. मला ती तारीख वाटली. शेजारी बसलेले आबा हसले, ‘अगं पोरी, तारीख न्हाई ती. पाच रुपये, आठ आणे, शून्य पै.’ १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधीचा हिशेब रुपये-आणे-पै असाच मांडलेला असायचा. बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया.

हे कळल्यावर तपासणीची एक पक्की किल्ली हाताला लागते, ती म्हणजे बेरीज. समजा, यादीत ५-८-०, २-४-० आणि १-१२-० अशा तीन रकमा आहेत आणि खाली एकूण ९-८-० लिहिलंय. रुपये झाले आठ. आणे चोवीस, म्हणजे एक रुपया आठ आणे. एकूण नऊ रुपये आठ आणे. जुळलं. आता शेवटच्या रकमेतला १ कुणी ९ वाचला असता, तर बेरीज १७-८-० आली असती आणि चूक लगेच पकडली असती. हातानं लिहिलेल्या १ आणि ९ मध्ये हा घोळ माणसाचाही होतो, मशीनचाही. बेरीज दोघांनाही सोडत नाही.

हातानं टाईप केलं म्हणजे सगळं बिनचूक, असा माझा दावा नाही. माणसाच्या चुका वेगळ्या असतात. लागोपाठच्या दोन ओळी ‘सर्वानुमते’नं सुरू झाल्या, की नजर घसरते आणि मधली ओळ गळते. शिवाय हात नकळत जुनं शुद्धलेखन ‘सुधारतो’. यावर उपाय जोडीनं बसण्याचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं आणि तपासताना अदलाबदल करायची. प्रत्येक पानाच्या ओळी मोजून टाईप केलेल्या ओळींशी ताडायच्या, म्हणजे गळती सापडते. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज ठोकायचा नाही. चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढं जायचं. आमच्याकडं अशी तेवीस प्रश्नचिन्हं उरली. आबांनी त्यातली सतरा एका बैठकीत सोडवली, कारण त्यातली निम्मी माणसं त्यांनी पाहिलेली होती. हे काम कुठलंच ॲप करत नाही. आणि आबांसारखी माणसं ॲप सुधारेपर्यंत थांबणार नाहीत.

मग ॲप कधी वापरावं? एकाच हाताची, सुटसुटीत अक्षरांची शेकडो पानं असतील तेव्हा. किंवा मजकूर छापायचा नसून फक्त शोधायचा असेल तेव्हा. ‘कुस्ती’ हा शब्द कुठल्या पानावर आलाय एवढंच हवं असेल, तर चारातला एक शब्द चुकला तरी काम भागतं, कारण पुढं मूळ पान आपण डोळ्यांनी वाचणारच असतो. फोटो मात्र दोन्ही रस्त्यांवर काढायचेच. टाईप झालं म्हणून वही रद्दीत टाकायची नाही. सहा प्रश्नचिन्हं अजून बाकी आहेत, आणि ती सोडवायला मूळ अक्षरच लागणार आहे.

वही मोडीत असेल, तर आधी मोडी वाचणारा माणूस गाठा. आपल्याला अक्षरच येत नसेल, तर मशीननं काय चुकवलं ते आपण तपासणार कसं?

थोडक्यात, ॲप उघडायच्या आधी तीन पानं आणि एक घड्याळ घेऊन बसा. अर्ध्या तासात उत्तर मिळतं. पानं थोडी असतील आणि त्यात माणसांची नावं असतील, तर ते उत्तर बहुधा कीबोर्डच्याच बाजूनं येईल.